दुचाकीचा प्रत्येक भाग ८७१४ मध्ये जात नाही: एका ऑइल सीलचा कोड, त्याची ड्यूटी आणि त्यावरचा वाद

प्रश्न: आम्ही वाळूजला दुचाकीचे सुटे भाग पुरवतो. आतापर्यंत माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचो, आता तैवानहून फ्रंट फोर्कचे पाइप, ऑइल सील, ओ-रिंग आणि बोल्ट थेट मागवायचे आहेत. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर सगळ्यांना एकच कोड टाकलाय, ८७१४. या कोडवरून ड्यूटी कशी काढायची? आणि कोड चुकला तर कस्टमवाले एवढं का धरून बसतात?

उत्तर:

पुरवठादाराचा कोड आधी बाजूला ठेवा. त्याने तो त्याच्या देशातल्या निर्यातीसाठी टाकलेला असतो आणि तो चुकला तर तैवानमध्ये त्याचं काही बिघडत नाही. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या जाहीरनाम्यावर, सही तुमची असते. २०११ पासून आपल्याकडे आयातदाराने स्वतः मूल्यांकन करायचं, अशी पद्धत आहे. कस्टम कायदा, १९६२ च्या कलम १७ प्रमाणे कोड, दर आणि सवलत तुम्ही जाहीर करता, अधिकारी ते तपासू शकतो. म्हणजे ‘पुरवठादाराने असं लिहिलं होतं’ किंवा ‘आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटाने, टाकलं’ हे उत्तर ऐकून घेतलं जातं, पण त्याने सुटका होत नाही.

कोड आठ आकड्यांचा असतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे. शेवटचे दोन आपल्या देशाचे. पहिल्या दोन आकड्यांचा चॅप्टर, चारांचं हेडिंग, सहाचं सबहेडिंग आणि आठांची टॅरिफ आयटम. ही सगळी मांडणी कस्टम टॅरिफ कायदा, १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. चॅप्टर सेक्शनांमध्ये बांधलेले आहेत. वाहनं आणि त्यांचे भाग सेक्शन १७ मध्ये येतात, यंत्रं सेक्शन १६ मध्ये. (कायद्याचं कलम १७ आणि टॅरिफचा सेक्शन १७ यांची गल्लत करू नका. खाली कायद्याला कलमच म्हणतो.)

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो टॅरिफच्या पीडीएफमध्ये शब्द शोधतो. ‘ऑइल सील’ टाइप केलं की ४०१६ ९३ ३० सापडतो, कारण तिथे रबरी सील, म्हणजे ऑइल सील व तत्सम, असं चक्क लिहिलेलं आहे. मग तो म्हणतो, मिळाला कोड. पण कोड असा खालून वर शोधायचा नसतो. टॅरिफच्या अर्थनिर्णयाचे सहा नियम आहेत. पहिला सांगतो की वर्गीकरण चार आकड्यांच्या हेडिंगच्या शब्दांवरून आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपांवरून ठरतं. सहावा सांगतो की हेडिंग ठरल्यावरच आतल्या सबहेडिंगांची एकमेकांशी तुलना करायची. एखाद्याचं नाव मतदार यादीत शोधताना आधी गाव लागतं. नाव सापडलं म्हणून गाव तेच, असं कोणी म्हणत नाही. आठ आकड्यांतलं ‘ऑइल सील’ हे ४०१६ च्या घरातलं ऑइल सील आहे, म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या रबराची वस्तू असेल तरच. तुमचं सील नुसतं रबराचं आहे का, हा प्रश्न आधी येतो.

आता तुमच्या चार वस्तू घेऊ. ८७१४ चं हेडिंग ८७११ ते ८७१३ मधल्या वाहनांचे भाग आणि ॲक्सेसरीज असं आहे, आणि मोटरसायकल ८७११ मध्ये येते. वरकरणी चारही वस्तू बसतात. पण सेक्शन १७ च्या टीप २ मध्ये एक यादी आहे. यादीतल्या वस्तू वाहनाच्या असल्या तरी या सेक्शनमध्ये ‘भाग’ धरायच्या नाहीत. यादीची सुरुवातच कोणत्याही साहित्याचे जॉइंट, वॉशर व तत्सम वस्तू आणि व्हल्कनाइझ केलेल्या रबराच्या इतर वस्तू यांनी होते. पुढे बोल्ट-नट-स्प्रिंगसारखे सर्वसाधारण वापराचे धातूचे भाग आहेत, इंजिन आणि ८४०१ ते ८४७९ मधली यंत्रं व त्यांचे भाग आहेत, बेअरिंग आहेत, चॅप्टर ८५ ची विद्युत उपकरणं आणि चॅप्टर ९० ची मोजमापाची साधनं आहेत. टीप ३ आणखी एक अट घालते: ती वस्तू केवळ किंवा प्रामुख्याने त्या वाहनांसाठीच योग्य असली पाहिजे. तिसरी अट स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये आहे. त्या जागतिक संघटनाच काढते आणि आपली न्यायालयं त्यांचा आधार घेतात. ती वस्तू दुसरीकडे अधिक नेमकेपणाने सांगितलेली नसावी. तिन्ही अटी पार झाल्या तरच ८७१४.

फोर्कचा पाइप तिन्ही पार करतो. तो हार्ड क्रोम केलेला, लांबीला आणि आतल्या खाचांना त्याच गाडीसाठी बनवलेला असतो, म्हणून ८७१४ १० ९०. (नुसती, तोडून-घासून न बनवलेली नळी आली तर ती स्टीलची नळीच राहील, हे लक्षात असू द्या.) बोल्टवर त्या गाडीचा पार्ट नंबर कोरलेला असला तरी तो सर्वसाधारण वापराचा भाग आहे, म्हणून ७३१८. ओ-रिंग निखळ रबराची असेल तर टीप २ तिला पहिल्याच ओळीत बाहेर काढते, आणि ती ४०१६ ९३ २० मध्ये जाते. इथपर्यंत अनुभवी अधिकाऱ्याशी वाद होत नाही.

वाद होतो तो ऑइल सीलचा. ते हातात घेऊन आडवं कापा. साधारण ४१ × ५४ × ११ मिमीचं फोर्क सील असेल, तर बाहेरच्या बाजूला स्टीलची पातळ कड दिसेल. तिच्याशी रबर व्हल्कनाइझ करून चिकटवलेलं, आतल्या ओठाला बारीक गोल स्प्रिंग. म्हणजे वजनाने कदाचित स्टील जास्त, कामाने रबर. आता तीन दावेदार उभे राहतात.

पहिला दावा ८७१४ चा. कस्टम विभाग म्हणतो, हे सील त्या फोर्कसाठीच बनवलंय, कॅटलॉगमध्ये गाडीचं मॉडेल आहे, दुसरीकडे कुठे चालत नाही, म्हणून मोटरसायकलचा भाग. दुसरा दावा ४०१६ चा. आयातदार म्हणतो, सील म्हणजे जॉइंटसारखीच वस्तू, टीप २ ने ती सेक्शनबाहेर काढली, मग साहित्यावरून ठरवा. दोन साहित्यं असतील तर नियम ३(ब) प्रमाणे वस्तूला तिचं मुख्य रूप कोण देतं ते पाहायचं. तेल अडवतं रबर, म्हणून रबराची वस्तू. तिसरा दावा ८४८७ चा, यंत्रांचे इतरत्र न सांगितलेले भाग. तो हलका समजू नका. त्या हेडिंगच्या स्पष्टीकरणात्मक टिपेत ऑइल सील रिंगचं वर्णनच आहे: रबराची लवचिक रिंग आणि तिला व्हल्कनाइझ करून जोडलेला धातूचा आधार, हलणारा भाग नाही. हे तुमच्या कापलेल्या सीलचंच वर्णन झालं. पण तीच टीप म्हणते की या हेडिंगचा माल यंत्राचा भाग म्हणून ओळखू येतो, एका ठराविक यंत्राचा म्हणून नाही. सीलचा आकार गिअरबॉक्सलाही आणि पंपालाही चालणारा असेल तर ८४८७ ला जोर येतो. मॉडेलप्रमाणेच विकला जात असेल तर तो जोर जातो.

म्हणून या वस्तूत कोड ठरवणारी गोष्ट रबराच्या टक्केवारीइतकीच तिच्या कॅटलॉगमध्ये दडलेली असते. पुरवठादाराकडून तीन गोष्टी मागवा: काटछेदाचं ड्रॉइंग, साहित्याची यादी आणि त्याच्या कॅटलॉगचं ते पान. पानावर नुसती मापं आणि रबराचा प्रकार असेल तर एक चित्र उभं राहतं, आणि ‘अमुक १५० सीसी, पुढचा फोर्क’ असं असेल तर दुसरं. कॅटलॉग शिपमेंटनंतर मागू नका. तो आधी मागवला तर कोडाचा विचार झाला होता हे कागदावर दिसतं.

आता ड्यूटी. मालाची किंमत, जहाजभाडं आणि विमा मिळून, बिल ऑफ एंट्रीच्या दिवशी लागू असलेल्या अधिसूचित विनिमय दराने रुपयांत आणलेली रक्कम म्हणजे करपात्र मूल्य. बँकेने तुम्हाला डॉलर कितीला दिला याचा इथे संबंध नाही. त्यावर मूळ सीमाशुल्क लागतं, मूळ शुल्काच्या १०% समाजकल्याण अधिभार, आणि मूल्य अधिक शुल्क अधिक अधिभार या बेरजेवर आयजीएसटी. दर त्या दिवशीचा बघायचा. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे देशात वापरण्यासाठी सोडवायच्या मालाला बिल दाखल केल्याचा किंवा जहाजाला प्रवेश मिळाल्याचा, यातला जो नंतरचा दिवस, त्या दिवसाचा दर. परिशिष्टात छापलेला दर हा शेवटचा नसतो. सवलतीची अधिसूचना, अँटी-डंपिंग आणि आयातीवरचे निर्बंध हे सगळं कोडावरूनच लागू होतं. सरकारच्या आइसगेट पोर्टलवर कोड टाकून दर दिसतो, पण तिथे कोड तुम्ही दिलेला असतो. चुकीचा कोड दिला तर चुकीचा दर निमूटपणे दाखवतो.

दहा लाखांच्या सीलचा हिशोब करू. ८७१४ १० ला मूळ शुल्क १५%. १,५०,००० शुल्क, १५,००० अधिभार, बेरीज ११,६५,०००. त्यावर १८% आयजीएसटी २,०९,७००. एकूण ३,७४,७००. आता ४०१६ ला हिशोबापुरते १०% धरा: १,००,००० आणि १०,०००, बेरीज ११,१०,०००, आयजीएसटी १,९९,८००, एकूण ३,०९,८००. ८४८७ ला साडेसात टक्के धरला तर ७५,००० आणि ७,५००, बेरीज १०,८२,५००, आयजीएसटी १,९४,८५०, एकूण २,७७,३५०. तुम्ही बिल भरताना त्या दिवशीचे दर घ्या, आकडे बदलतील पण मांडणी हीच.

एकाच कापलेल्या सीलवर वरच्या आणि खालच्या कोडात ९७,३५० चा फरक पडला. त्यातला आयजीएसटीचा फरक क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणून खरा खर्च शुल्क आणि अधिभाराचा, ८२,५००. बरेच आयातदार ‘आयजीएसटी तर परत मिळतो’ म्हणून कोडाकडे दुर्लक्ष करतात, तेव्हा ही ८२,५०० ची ओळ त्यांच्या नजरेतून सुटलेली असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ८७१४ मधल्या मोटरसायकल भागांवर आयजीएसटी २८% होता आणि रबराच्या सीलवर १८%. तेव्हा एकूण फरक याहून बराच मोठा होता. त्या तारखेपासून दोन्हीकडे १८% आहे, पण जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच दराने येतात.

यातून भांडण कसं पेटतं, ते आता पाहा. न्हावा-शेव्याला किंवा माळीवाड्याच्या आयसीडीत, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत, माल बहुतेक वेळा कंटेनर न उघडता सुटतो. संगणकाची जोखीम-व्यवस्था ठराविक बिलांनाच तपासणीला लावते. म्हणून माल सुटला याचा अर्थ कोड मान्य झाला असा नसतो. वर्ष-दीड वर्षाने ऑडिट येतं, किंवा एकाच वस्तूचे तीन आयातदार तीन कोडांनी माल आणतात हे आकडेवारीत दिसतं. आपल्या भागात याची एक खास वाट आहे. न्हावा-शेव्याला एक सीएचए आणि माळीवाड्याला दुसरा, आणि दोघांनी त्याच पार्ट नंबरला वेगळे कोड लावलेले. विभागाला मग पुरावा शोधायलाही लागत नाही, तुमचीच दोन बिलं समोरासमोर ठेवली की पुरे. तिसरी वाट जीएसटीची आहे. स्थानिक बिलांचा एचएसएन कोडही याच टॅरिफवर आधारलेला आहे. आयातीला ४०१६ आणि पुढे वाहन कंपनीला विकताना, तिच्या पीओत तसं छापलंय म्हणून, ८७१४. तो एक आकडा नंतर तुमच्याच तोंडचा कबुलीजबाब म्हणून वाचून दाखवला जातो.

मागणी कलम २८ खाली येते. साधी चूक असेल तर मागची दोन वर्षं. संगनमत, जाणूनबुजून खोटं विधान किंवा तथ्य लपवणं असेल तर पाच वर्षं. ही दोन आणि पाचमधली दरीच बहुतेक खटल्यांचा खरा विषय असते. कोड कोणता हा प्रश्न तिच्यासमोर कधीकधी दुय्यम होतो. तुमची सीलची आयात वर्षाला ४० लाखांची धरा. ८४८७ ने भरली आणि विभागाने ८७१४ लावला, तर सध्याच्या दरांनी वर्षाला ३,८९,४०० चा फरक. दोन वर्षांचे ७,७८,८००, पाच वर्षांचे १९,४७,०००. त्यावर १५% दराने व्याज. पाच वर्षांच्या नोटिशीत कलम ११४अ प्रमाणे शुल्काइतकाच दंड, माल जप्तीस पात्र ठरवून त्याऐवजी सोडवणुकीची रक्कम, हेही येऊ शकतं. पाच वर्षांची मागणी आली आणि ती पटली असेल, तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत शुल्क, व्याज आणि १५% दंड भरून प्रकरण मिटवता येतं. तसं न करता निर्णयानंतर ३० दिवसांत भरलं तर दंड २५% वर येतो. अपील करायचं असेल तर आयुक्तांकडे ६० दिवसांत जायचं, आणि साडेसात टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

पाच वर्षांपासून वाचवणारी गोष्ट म्हणजे वर्णन. १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिकच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वस्तूचं वर्णन खरं आणि पुरेसं दिलं असेल, तर एखादं वर्गीकरण किंवा सवलत मागणं म्हणजे खोटं विधान नव्हे. हा मुद्दा आजही कामाला येतो, पण बिलावर ‘मोटरसायकल पार्ट्स’ एवढंच लिहिलं असेल तर तो हातात राहत नाही. सीलची ओळ अशी हवी:

```
OIL SEAL FRONT FORK NBR RUBBER BONDED TO STEEL CASE
WITH GARTER SPRING 41X54X11 MM PART NO. ...
```

यात लपवण्यासारखं काहीच नाही, आणि म्हणूनच लपवल्याचा आरोप टिकत नाही. ‘रबर सील’ एवढंच लिहून स्टील गाळलं की तेच गाळणं पाच वर्षांचं कारण बनतं. विभागाने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला तर स्टील निघतंच.

आता न्यायालयांनी हा गुंता सोडवलाय का? अर्धवट. मे २०२० मध्ये युनि प्रॉडक्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडीत अंथरायच्या चटया वाहनाचा भाग न मानता कापडी गालिचे म्हणून चॅप्टर ५७ मध्ये ठेवल्या. मार्च २०२१ मध्ये वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मरच्या निकालात मात्र रेल्वे सिग्नलच्या रिलेचं वर्गीकरण विद्युत उपकरणांत न ठेवता, केवळ किंवा प्रामुख्याने तिथेच वापरता येतो म्हणून रेल्वेच्या हेडिंगमध्ये नेलं. या दुसऱ्या निकालानंतर वाहन-भागांवर नोटिसांचा पाऊस पडला. मग जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने सूचना काढून अधिकाऱ्यांना सांगितलं की सेक्शन १७ च्या टिपा आणि इतर निकालही विचारात घ्या, वेस्टिंगहाउसचा निकाल त्या प्रकरणाच्या तथ्यांवर आहे. म्हणजे टीप २ आधी की टीप ३ आधी, हा क्रम अजूनही प्रत्येक वस्तूसाठी नव्याने भांडला जातो. माझं मत विचाराल तर क्रम टीप २ चाच आधी. जी वस्तू यादीत आहे तिची ‘प्रामुख्याने वापर’ ही चाचणी घ्यायचीच कशाला? पण सील ‘जॉइंट व तत्सम’ आहे हे आधी सिद्ध करावं लागेल, आणि तेवढ्याने ४०१६ विरुद्ध ८४८७ हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून अशा वस्तूंसाठी भांडणाआधीचा रस्ता घ्या. वस्तू नियमित येणार असेल तर आगाऊ निर्णयासाठी अर्ज करा. मुंबई आणि दिल्लीला कस्टमच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाची कार्यालयं आहेत. अर्जासोबत ड्रॉइंग, साहित्याची यादी, कॅटलॉग आणि तुमचं म्हणणं लिहून द्यायचं. निर्णय तुमच्यावर आणि विभागावर बंधनकारक असतो, शेजारच्या कारखान्याला तो वापरता येत नाही. तो तीन वर्षं चालतो, तथ्यं किंवा कायदा मध्येच बदलला नाही तर. एक अट अडते: तोच प्रश्न तुमच्या बाबतीत आधीच अधिकाऱ्यासमोर, ट्रिब्युनलमध्ये किंवा न्यायालयात प्रलंबित असेल तर अर्ज घेत नाहीत. म्हणून पहिल्या कंटेनरच्या आधी किंवा लगेच अर्ज, नोटीस आल्यावर नाही.

पहिला माल समुद्रात असेल आणि निर्णयाला वेळ असेल, तर कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागा. बंधपत्र आणि अधिकारी मागेल ती हमी देऊन माल सुटतो, अंतिम कोड नंतर ठरतो. २०२५ च्या वित्त कायद्याने अंतिम मूल्यांकनाला दोन वर्षांची मुदत घातली आहे, ती आणखी एक वर्ष वाढवता येते. त्यामुळे पूर्वीसारखं बिल वर्षानुवर्षं लटकत राहत नाही. हमीची रक्कम बँकेत अडकते, हा त्याचा खर्च. लहान कारखान्याला तो जड जातो.

उलटी चूकही होते, त्यावर फार बोललं जात नाही. पुरवठादाराच्या ८७१४ वर विश्वास ठेवून ओ-रिंग आणि बोल्टवर १५% भरलं, आणि तिथला दर त्या दिवशी कमी निघाला, तर नुसता परताव्याचा अर्ज चालत नाही. २०१९ मध्ये आयटीसीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतः केलेलं मूल्यांकनही आदेशच आहे, तो अपिलात किंवा कायद्यातल्या दुसऱ्या मार्गाने बदलल्याशिवाय परतावा नाही. ६० दिवस उलटून गेले की अपील बंद होत जातं. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणून सुटल्यानंतर स्वतःहून नोंद सुधारण्याची सोय केली आहे, ती विचारात घ्या. पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पहिल्या बिलाच्या आधी चार वस्तूंच्या चार ओळी वेगळ्या लिहिणं.

तुमच्या या कंटेनरसाठी मी असं करेन: पुरवठादाराला इन्व्हॉइसवरच्या चार ओळी वेगळ्या आणि पूर्ण वर्णनासह पुन्हा द्यायला सांगा, कोडाचा रकाना त्याने काहीही भरला तरी चालेल. पाइप, बोल्ट आणि ओ-रिंग वर सांगितल्याप्रमाणे लावा. सीलसाठी कॅटलॉग येईपर्यंत कोड ठरवू नका. कॅटलॉगमध्ये फक्त मॉडेलचं नाव असेल आणि तुम्हाला धोका नको असेल तर ८७१४ भरा, बिलावर निषेध नोंदवा, आणि आगाऊ निर्णयाचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. तुमची किंमत १५% वर उभी राहत नसेल तर कमी कोड भरायचा मोह होईल, पण तेव्हा ८४८७ किंवा ४०१६ का, हे एका पानावर लिहून त्या दिवशीच्या फाइलला लावा. तेच पान माळीवाड्याच्या आणि न्हावा-शेव्याच्या दोन्ही सीएचएला द्या, आणि जीएसटीच्या बिलात तोच कोड असल्याचं अकाउंटवाल्याकडून तपासून घ्या. वाहन कंपनीचा पीओ वेगळा कोड सांगत असेल तर त्यांना लेखी कळवा.

आणि एक सील कापलेलं ठेवा. प्रत्येक लॉटमधलं एक, आडवं कापून, छोट्या पिशवीत, बाहेर बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि तारीख. दोन वर्षांनी कोणी विचारलं की याच्यात स्टील होतं का, तर पुरवठादाराला फोन करायची गरज नाही, पिशवी टेबलावर ठेवायची.